त्रिज्या बरोबर येते, तरी वर्तुळ बाजूला का टेकत नाही?

त्रिकोणाच्या तीन बाजू माहीत आहेत, क्षेत्रफळ काढलं, अर्धपरिमितीने भागलं, अंतर्वर्तुळाची त्रिज्याही बरोबर आली. मग कंपास घेऊन वर्तुळ काढायला बसलं की ते एका बाजूच्या बाहेर जातं आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. ही तक्रार मी कोल्हापुरात दहावीच्या मुलांकडून दरवर्षी ऐकतो. शिवाजी उद्यमनगरात पत्र्याचं काम करणारे ओळखीचे एक मामा तीच तक्रार घेऊन आले, तेव्हा ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढायचं.

मामांकडे पत्र्याचा एक त्रिकोणी तुकडा उरला होता. बाजू ५२, ५६ आणि ६० सेंमी. त्यातून जास्तीत जास्त मोठी गोल चकती काढायची होती. त्रिकोणात मावणारं सगळ्यांत मोठं वर्तुळ म्हणजे त्याचं अंतर्वर्तुळ, म्हणजे प्रश्न सरळ होता. त्यांच्या मुलाने गणित करून त्रिज्या १६ सेंमी सांगितली. मामा म्हणाले, "सर, आकडा बरोबर हाय म्हणतोय पोरगं, पण गोल एका अंगाला भायेर जातोय आणि दुसऱ्या अंगाला मोकळा ऱ्हातोय. कुठं चुकतंय बघा की."

आकडा खरंच बरोबर होता. चुकत होती ती जागा.

आधी त्रिज्येची खात्री

त्रिकोणाला ABC म्हणू. BC = ५६, CA = ६०, AB = ५२. नेहमीच्या पद्धतीने A समोरची बाजू a, B समोरची b आणि C समोरची c.

s = (५६ + ६० + ५२) ÷ २ = ८४

हेरॉनच्या सूत्राने क्षेत्रफळ:

K = √(८४ × २८ × २४ × ३२) = √१८०६३३६ = १३४४ चौसेंमी

r = K ÷ s = १३४४ ÷ ८४ = १६ सेंमी

इथे अर्धपरिमितीनेच का भागायचं, हे ज्याला कळलं तो पुन्हा गडबडत नाही. अंतर्वर्तुळाचा केंद्रबिंदू I तिन्ही शिरोबिंदूंना जोडला की मोठ्या त्रिकोणाचे तीन छोटे त्रिकोण होतात. प्रत्येकाचा पाया म्हणजे मूळ त्रिकोणाची एक बाजू, आणि प्रत्येकाची उंची r, कारण स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्या त्या बाजूला लंब असते. तिन्ही क्षेत्रफळांची बेरीज म्हणजे परिमितीची निम्मी गुणिले r, अर्थात s × r. निम्मेपणा s मध्ये आधीच आला आहे. वर्तुळ तुमच्या अंदाजाच्या बरोबर निम्म्या आकाराचं येऊन आत सैल पडत असेल, म्हणजे १६ ऐवजी ८ आले असतील, तर तुम्ही अख्ख्या परिमितीने, १६८ ने, भागलं आहे. दुसरं काही शोधायला नको.

कधीकधी उत्तर १६ ऐवजी २४ येतं. त्याचं कारणही ठरलेलं. काटकोन त्रिकोणात अंतर्वर्तुळाची त्रिज्या म्हणजे काटकोन करणाऱ्या दोन बाजूंच्या बेरजेतून कर्ण वजा करून त्याची निम्मी. हे सूत्र लहान असल्याने मुलांच्या लक्षात राहतं आणि मग ती कुठल्याही त्रिकोणाला लावतात: (५२ + ५६ − ६०) ÷ २ = २४. ही त्रिज्या शक्यच नाही. BC वरची उंची आहे २ × १३४४ ÷ ५६ = ४८ सेंमी, आणि २४ त्रिज्येच्या वर्तुळाचा व्यासच ४८ होतो. अंतर्वर्तुळाचा व्यास त्रिकोणाच्या कुठल्याही उंचीपेक्षा कमीच असतो. पण हा २४ टाकाऊ आकडा नाही. तो B पासून स्पर्शबिंदूपर्यंतचं अंतर आहे, हे पुढे दिसेलच. काटकोन त्रिकोणात काटकोनाचा शिरोबिंदू, दोन स्पर्शबिंदू आणि केंद्रबिंदू मिळून चौरस होतो, म्हणून तिथे हे अंतर आणि त्रिज्या एकच असतात. बाकीच्या त्रिकोणांत त्यांचा संबंध इतका सोपा राहत नाही.

वर्तुळ नेमकं कुठे टेकतं

मामांच्या मुलाने BC चा मध्य काढला होता, २८ सेंमीवर. तिथे गुण्या लावून १६ सेंमी वर केंद्र पंच केलं होतं. वर्तुळ बाजूच्या मधोमध टेकणार असं त्याला वाटलं, आणि तसं वाटणं साहजिक आहे, कारण आपण वहीत नेहमी समभुज नाहीतर समद्विभुज त्रिकोण काढतो.

खरी जागा काढायला दहावीचं स्पर्शिकाखंडाचं प्रमेय पुरतं: वर्तुळाबाहेरच्या बिंदूपासून त्या वर्तुळाला काढलेले दोन स्पर्शिकाखंड एकरूप असतात. A पासून AB वरचा आणि AC वरचा स्पर्शबिंदू सारख्याच अंतरावर. त्या अंतराला x म्हणू, B पासूनच्या अंतराला y आणि C पासूनच्या अंतराला z. प्रत्येक बाजू दोन खंडांची बनते:

x + y = ५२
y + z = ५६
z + x = ६०

तिन्हींची बेरीज केली की २(x + y + z) = १६८, म्हणजे x + y + z = ८४, आणि हीच तर अर्धपरिमिती. आता x हवा असेल तर ८४ मधून y + z, म्हणजे BC ही बाजू, वजा करायची.

A पासून: x = s − a = ८४ − ५६ = २८
B पासून: y = s − b = ८४ − ६० = २४
C पासून: z = s − c = ८४ − ५२ = ३२

म्हणजे BC वर वर्तुळ टेकतं ते B पासून २४ आणि C पासून ३२ सेंमीवर. मध्यापासून तब्बल ४ सेंमी B कडे.

या तुकड्यात एक फसवी गोष्ट होती, आणि मुलाचा विश्वास तिच्यामुळेच पक्का झाला होता. s − a चं उत्तर २८ आहे, आणि a ची निम्मीही २८ च. त्याने s − a काढलं, ते a या बाजूवर मांडलं, मध्यबिंदूशी जुळलं, आणि त्याला वाटलं की दोन रस्त्यांनी एकच उत्तर आलं. हे जुळणं योगायोगाचं आहे. ज्या त्रिकोणाच्या बाजू अंकगणिती श्रेढीत असतात, म्हणजे ५२, ५६, ६० सारख्या समान फरकाने वाढतात, त्यात मधल्या बाजूबाबत हे नेहमीच घडतं. १३, १४, १५ हा पुस्तकी त्रिकोणही तसलाच, आणि आमचा तुकडा त्याचीच चौपट. त्यामुळे शिकवायला हा त्रिकोण सोयीचा असला तरी तपासायला धोक्याचा आहे.

s − a हे अंतर a बाजूवर कुठेच नसतं. ते समोरच्या A शिरोबिंदूपासून निघतं आणि AB, AC या बाजूंवर मोजायचं असतं. मी मुलांना वहीत आधी शिरोबिंदूजवळ, कोनाच्या दोन्ही अंगांना, एकच आकडा लिहायला लावतो: A जवळ दोनदा २८, B जवळ दोनदा २४, C जवळ दोनदा ३२. मग तिन्ही बाजूंची बेरीज करायची. एका बाजूची बेरीज पुरत नाही. BC वर २८ आणि २८ मांडले तरी ५६ येतातच. पण मग B जवळ २८ असल्याने AB वर A जवळ २४ उरतात, त्यामुळे AC वर C जवळ ३६ यायला हवेत, आणि C जवळ तर आपण २८ लिहून बसलोय. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाजूला चूक उघडी पडते.

वर्तुळ कुठल्या अंगाला बाहेर जातंय, त्यावरून चूक ओळखा

BC वर चार वेगवेगळे बिंदू असतात आणि चारही "मधला" म्हणून गोंधळात पडतात. आमच्या तुकड्यात B पासून मोजलं तर A मधून टाकलेल्या लंबाचा पाद २० सेंमीवर, स्पर्शबिंदू २४ वर, A च्या कोनदुभाजकाचा पाद २६ वर, आणि मध्यबिंदू २८ वर. AB आणि AC समान नसतील तर क्रम नेहमी हाच राहतो: लंबपादाकडून मध्याकडे जाताना आधी स्पर्शबिंदू, मग दुभाजकाचा पाद. दुभाजक वर्तुळाच्या केंद्रातून जातो हे खरं, पण तो BC ला तिरका छेदतो. केंद्रातून BC वर टाकलेला लंब मात्र वेगळ्याच ठिकाणी उतरतो, आणि वर्तुळ टेकतं ते त्या लंबाच्या पायाशी.

आता प्रत्येक चुकीच्या बिंदूवर गुण्या लावून १६ सेंमी वर केंद्र घेतलं तर काय होईल, हे मी मामांना मोजून दाखवलं. मध्यबिंदूवरून घेतलं तर केंद्र AC पासून १२.८ सेंमीवर येतं आणि AB पासून जवळपास १९.७ वर. म्हणजे १६ चं वर्तुळ AC च्या बाहेर ३.२ सेंमी जाणार आणि AB कडे सुमारे ३.७ सेंमीची फट राहणार. मामांची तक्रार हुबेहूब हीच होती. लंबपादावरून घेतलं तर उलटं होतं: AB च्या बाहेर ३.७, AC कडे ३.२ ची फट. दुभाजकाच्या पादावरून घेतलं तर AC च्या बाहेर १.६ सेंमी जातं. ही चूक लहान दिसते आणि "मार्किंग जरा हललं असेल" म्हणून सोडून दिली जाते, पण पत्रा कापल्यावर ती भरून निघत नाही.

थोडक्यात, वर्तुळ ज्या बाजूच्या बाहेर जातं त्या बाजूकडे तुमचं केंद्र सरकलं आहे. B कडे सरकलं असेल तर लंबपाद घेतलाय का ते बघा. C कडे असेल तर मध्य किंवा दुभाजकाचा पाद. आमच्या त्रिकोणात C हा BC चा लांब खंड असलेला टोक आहे, म्हणून असं. तुमच्या त्रिकोणात नावं बदलतील, दिशा तशीच राहील: मध्याची चूक नेहमी लांब खंडाकडे नेते.

मध्यबिंदूवाल्यांना आणखी एक फसवा दिलासा मिळतो. काही जण तिन्ही बाजूंच्या मध्यावर लंब काढतात. ते तिन्ही एका बिंदूत मिळतात, आणि BC पासून तो बिंदू १६.५ सेंमीवर असतो. १६ च्या इतकं जवळ आल्यावर कोणालाही वाटेल की आपलं बरोबरच आहे. पण तो परिवर्तुळाचा केंद्रबिंदू. तोच बिंदू AB पासून १९.५ आणि AC पासून १२.५ सेंमीवर आहे. एका बाजूपासूनचं अंतर जुळलं म्हणून थांबू नका, तिन्ही मोजा.

आखणी करायची पद्धत

केंद्र आधी शोधायचंच नाही. पट्टीने स्पर्शबिंदूंवर खुणा करायच्या: BC वर B पासून २४, AB वर B पासून २४, CA वर C पासून ३२. आता BC आणि AB वरच्या खुणांवर गुण्या लावून आतल्या बाजूला लंब रेषा ओढायच्या. त्या जिथे मिळतात ते केंद्र. तिसऱ्या खुणेवरून लंब टाकला तर तोही तिथूनच गेला पाहिजे, आणि तिन्ही लंबांची लांबी १६ भरली पाहिजे. लंब एकत्र आले पण लांब्या वेगळ्या, तर खुणा मध्यावर झाल्यात. लांब्या दोन ठिकाणी जुळल्या आणि तिसरीला नाही, तर एका बाजूवर दोन खंडांची अदलाबदल झाली आहे. मग पंच मारायचा, डिव्हायडर लावायचा.

वहीतल्या आकडेमोडीसाठी आणखी एक पडताळा आहे: r × r = xyz ÷ s. आमच्याकडे २८ × २४ × ३२ = २१५०४, भागिले ८४ बरोबर २५६, आणि त्याचं वर्गमूळ १६. हेरॉनच्या सूत्रात K = rs ठेवलं की हे मिळतं. वजाबाकी किंवा वर्गमूळ चुकलं असेल तर हा पडताळा पकडतो. मात्र x, y, z चुकीच्या शिरोबिंदूंना लावले असतील तर पकडत नाही, कारण गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच. जागेची चूक बाजूंच्या तीन बेरजाच पकडतात, म्हणून दोन्ही करा.

स्पर्शिकाखंड बाजूवरच मोजायचा, हेही सांगून ठेवतो. एका मुलीने A चा कोनदुभाजक काढून त्यावर २८ सेंमी मोजलं आणि तिथे केंद्र मानलं. दुभाजकावर A पासून केंद्रापर्यंतचं अंतर २८ नाही. A, स्पर्शबिंदू आणि केंद्र यांचा काटकोन त्रिकोण होतो, त्याच्या लहान बाजू २८ आणि १६, त्यामुळे कर्ण √१०४० म्हणजे सुमारे ३२.२ सेंमी. २८ वर केंद्र घेतलं तर ते AB आणि AC या दोघांच्याही बाहेर सारखंच जातं आणि BC पासून लांब राहतं. दोन बाजूंना सारखी चूक दिसली की हे कारण समजा.

बाजू नीट मोजल्या, तरी त्रिज्या हलते तेव्हा

मामांचा पुढचा तुकडा लांबट, चपटा होता: ६०, ४० आणि २२ सेंमी. इथे अडचण वेगळी. दोघांनी मोजलं आणि दोन त्रिज्या आल्या. s = ६१, त्यामुळे s − ६० फक्त १ सेंमी. क्षेत्रफळ साधारण २२३.५ चौसेंमी, आणि r सुमारे ३.६६. दुसऱ्याने २२ ची बाजू २२.४ मोजली होती; त्याची त्रिज्या ४.०२ आली. बाजूत ४ मिलीमीटरचा फरक आणि त्रिज्येतही जवळजवळ तेवढाच. आधीच्या तुकड्यात ५२ ऐवजी ५२.४ घेतले असते तर त्रिज्या १६ ची १६.०५ झाली असती, बस.

कारण r × r = xyz ÷ s या सूत्रातच दिसतं. x, y, z पैकी एखादा अगदी लहान असेल तर मोजमापातली थोडी चूकही त्या आकड्याच्या मानाने मोठी होते. १ सेंमीत २ मिलीमीटर वाढले म्हणजे तो खंड पाचवा हिस्सा वाढला, आणि वर्गमूळ घेतल्यावर त्रिज्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वाढते. म्हणून आधी तिन्ही वजाबाक्या लिहून काढायच्या आणि त्यातली सगळ्यांत लहान बघायची. मोजपट्टीवर तुम्ही जेवढी चूक करू शकता तिच्या काही पटीतच ती असेल, तर हेरॉनवर विसंबू नका. आणि एखादी वजाबाकी शून्य किंवा ऋण आली तर त्या मापांचा त्रिकोणच होत नाही. पुन्हा मोजायला जा.

अशा चपट्या तुकड्यात क्षेत्रफळ उंचीवरून काढावं. ६० च्या बाजूवर गुण्या लावून समोरच्या कोपऱ्याची उंची मोजली तर ती साडेसात सेंमीच्या थोडी आतच येते. उंचीत १ मिलीमीटर चुकलं तरी क्षेत्रफळ शंभरात दीड भागही हलत नाही, त्यामुळे त्रिज्याही अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासच हलेल. मग K = ½ × ६० × उंची आणि r = K ÷ s. s ची चिंता नाही, १२२ च्या परिमितीत चार मिलीमीटर कुठेच लागत नाहीत. स्पर्शबिंदूंच्या खुणा मात्र बाजूंवरूनच करायच्या. त्यात दोनेक मिलीमीटरची चूक राहील, पण ४० आणि २२ च्या बाजूंवरच्या खुणा विशालकोनाच्या शिरोबिंदूपासून १ सेंमीवरच असल्याने तिथे गुण्या नीट बसत नाही. तेव्हा लंब उभा करायला ६० च्या बाजूवरची खूण घ्या, ४० च्या बाजूला मिळणाऱ्या टोकापासून ३९ सेंमीवरची, आणि त्या लंबावर r मोजून केंद्र घ्या. बाकीच्या दोन नुसत्या पडताळायला.

कापताना ग्राइंडरच्या चकतीची जाडी आतून जाऊ नये, म्हणून मामांनी पहिल्या तुकड्यावर खुणेच्या बाहेरून कापायचं ठरवलं. तिथे त्यांना थांबवावं लागलं. वर्तुळ तीन ठिकाणी पत्र्याच्या कडेलाच टेकलेलं आहे, बाहेर कापाला जागाच नाही. कडेचा गंज आणि वाकलेला भाग धरून सगळीकडून ३ मिलीमीटर सोडायचे म्हटले तर तेवढेच त्रिज्येतून वजा करायचे, १५.७ सेंमी, आणि केंद्र जिथे आहे तिथेच ठेवायचं. कारण तिन्ही बाजू सारख्याच अंतराने आत सरकवल्या तर आतल्या त्रिकोणाच्या अंतर्वर्तुळाचं केंद्र तेच राहतं.